रिट निवडताना या चुका टाळा: पोलीस दिसला की हेबिअस, खुर्ची दिसली की क्वो वॉरंटो

दिवसा तालुका कोर्टात वकिली करतो आणि संध्याकाळी अभ्यासिकेत एलएलबीच्या पोरापोरींचे सराव पेपर तपासतो. संविधानाच्या पेपरात तक्रार देऊन ‘कोणती रिट मागाल?’, म्हणजे न्यायालयाकडून कोणत्या प्रकारचा आदेश मागाल, असा प्रश्न आला की दरवर्षी त्याच चुका होतात. कारण उघड आहे. गाइडमध्ये चार रिटांचा तक्ता असतो, समोर एकेक शब्द असतो: अटक, कर्तव्य, निर्णय, पद. पोरं प्रश्नात तो शब्द शोधतात आणि पेन चालवतात. पेपर काढणाऱ्यालाही तो तक्ता पाठ असतो, म्हणून तो नेमका चुकीचा शब्द प्रश्नात पेरून ठेवतो.

मी स्वतः प्रश्न उलट्या बाजूने वाचतो. तक्रारदाराला न्यायाधीशांच्या तोंडून शेवटचं वाक्य कोणतं ऐकायचं आहे ते आधी पेन्सिलीने समासात लिहितो. ‘याला सोडा’, ‘तुमचं काम करा’, ‘हा निर्णय रद्द’ की ‘ही खुर्ची रिकामी करा’? हे वाक्य सापडलं की रिटचं नाव आपोआप येतं, क्रमाने हेबिअस कॉर्पस, मँडेमस, सर्शिओरारी, क्वो वॉरंटो. पोरांना हे सांगितलं की म्हणतात, ‘सर, टाइम नाही पुरत जी.’ चुकीच्या रिटवर दोन पानं लिहायला मात्र पुरतो.

पोलिसानं धरलं म्हणजे हेबिअसच नं?

नाही. पोलिसांनी धरलं एवढ्यावर हेबिअस कॉर्पस उभी राहत नाही, ताबा बेकायदा असावा लागतो. मॅजिस्ट्रेटने रिमांड दिला की ताब्यामागे न्यायालयाचा आदेश येतो, आणि मग हेबिअसचं दार जवळजवळ बंद होतं. तस्नीम सिद्दिकी यांच्या पतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलं, आणि ते प्रकरण आपल्याच मुंबई उच्च न्यायालयातून गेलेलं होतं. रिमांड डोळे झाकून दिला असेल किंवा देणाऱ्याला अधिकारच नसेल, तर थोडी फट उरते. पण उत्तरात ती फट दाखवायची असेल तर प्रश्नात तशी वस्तुस्थिती हवी.

याचा फटका कागदाबाहेर कसा बसतो ते आमच्याकडे बघायला मिळालं. जवळच्या एका गावात धुऱ्यावरून भांडण झालं, काठ्या निघाल्या, आणि शुक्रवारी संध्याकाळी एका शेतकऱ्याला अटक झाली. शनिवारी दुपारी त्याला जेएमएफसीसमोर, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, हजर केलं आणि दोन दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळाला. घरात पुतण्या लॉच्या शेवटच्या वर्षाला. त्याने फर्मान काढलं, ‘इथं काहून वेळ घालवून राहिले? थेट नागपूर खंडपीठात हेबिअस टाका.’ घरच्यांनी पैसे जमवले, गाडी केली, नागपूरला वकील गाठला, याचिका दाखल झाली. ती लिहून देणाऱ्या वकिलाचंही मला नवल वाटतं, पण असो. खंडपीठाने पहिलाच प्रश्न विचारला, रिमांडचा आदेश आहे का? आहे. मग याचिका मागे घेण्यावाचून काही उरलं नाही.

इकडे सोमवारी पीसीआर संपून एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाला होता. त्याच दुपारी तालुक्याला जामिनाचा अर्ज टाकता आला असता. पण घरातली झाडून सगळी माणसं नागपूरला, जामीनदार म्हणून सातबारा घेऊन उभं राहायला कोणी नाही. अर्ज पुढे आठवड्याच्या शेवटी पडला, तोवर माणूस जेलमध्ये. तक्त्यातला एक शब्द पाठ केल्याची ही किंमत, आणि ती पुतण्याने नाही, काकाने मोजली.

याच भांडणात वस्तुस्थिती थोडी बदलून पाहा. शुक्रवारी संध्याकाळी उचललं, रविवार उजाडला तरी मॅजिस्ट्रेटसमोर नेलं नाही, ठाण्यात विचारलं तर ‘इथं कोणी नाही’ म्हणतात. अनुच्छेद २२(२) प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत हजर करायला हवं होतं, ते झालं नाही. इथे हेबिअस, डोळे मिटून. म्हणून अटकेचा प्रश्न आला की मी अटकेची वेळ आणि हजर केल्याची वेळ यांच्याखाली रेघ मारतो, बाकीचं नंतर वाचतो.

आणि हो, हेबिअस फक्त सरकारविरुद्ध असते हे कोणी शिकवलं? उचल फिटली नाही म्हणून वीटभट्टीवाल्याने मजूर कुटुंबाला भट्टीवर अडवून ठेवलं, तर त्या खाजगी माणसाविरुद्धही ती मागता येते. बाकी तीन रिटांना सार्वजनिक पद किंवा सार्वजनिक कर्तव्य लागतं, हिला नाही.

सरपंच दिसला की क्वो वॉरंटो

ही माझी सर्वात नावडती चूक. एक प्रश्न मी मुद्दाम दरवर्षी देतो: ‘गावच्या सरपंचाने सरकारी जागेवर अतिक्रमण करून गोठा बांधला आहे. त्याला पदावरून हटवायचे आहे. गावकरी कोणती रिट मागतील?’ दहातले नऊ पेपर क्वो वॉरंटोवर संपतात.

अतिक्रमण हे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ मध्ये अपात्रतेचं कारण आहे, हे खरं. पण गोठा कोणी बांधला, जागा सरकारी की गावठाणातली, मोजणी झाली का, हे सगळे वस्तुस्थितीचे वाद आहेत. रिट न्यायालय साक्षीदार तपासत बसत नाही. त्यासाठी कलम १६ आहे: अपात्रतेचा प्रश्न जिल्हाधिकारी ठरवतात, त्यावर शासनाकडे अपील, जे व्यवहारात विभागीय आयुक्तांपुढे चालतं. त्यामुळे आज, या टप्प्यावर, अचूक उत्तर आहे: कोणतीच रिट नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. ‘कोणतीच नाही’ हेही उत्तर असू शकतं हे पोरांना पटतच नाही.

आता हेच प्रकरण पुढे सरकवू. अर्ज दिला, तहसीलदाराचा अहवालही आला, पण वर्ष झालं तरी जिल्हाधिकारी तारखांवर तारखा देत आहेत. कायद्याने निर्णय देण्याचं काम त्यांच्यावर टाकलं आहे आणि ते होत नाही, म्हणून मँडेमस. त्याआधी लेखी मागणी करून तिला नकार किंवा मौन मिळालेलं असावं, म्हणून उत्तरात स्मरणपत्राचा उल्लेख करा. मागणी काय करायची, यावर अर्धे गुण असतात. ‘सरपंचाला अपात्र ठरवा’ असं लिहिलं की गेलं. निर्णय कोणत्या बाजूने द्यायचा हे मँडेमसने सांगता येत नाही, ‘अमुक आठवड्यांत कायद्याप्रमाणे निर्णय द्या’ एवढंच मागता येतं.

समजा जिल्हाधिकाऱ्यांनी निर्णय दिला, सरपंच अपात्र, पण सरपंचाला नोटीसच नव्हती. आता तक्रारदार बदलला. सरपंचाला तो आदेश पुसून हवा आहे, म्हणून सर्शिओरारी. परीक्षक इथे अपिलाचं काय म्हणून अडवतो. नैसर्गिक न्यायाचा भंग असेल तर पर्यायी उपाय असूनही उच्च न्यायालय याचिका ऐकू शकतं, हे १९९८ च्या व्हर्लपूल निकालात आहे. तो लिहा. नोटीस मिळाली होती, म्हणणं ऐकलं होतं, फक्त ‘पुराव्याचा अर्थ चुकीचा लावला’ एवढीच तक्रार असेल तर मुकाट्याने अपिलात जा. सर्शिओरारी देणारं न्यायालय देखरेख करतं, अपील ऐकत नाही. हे सांगणारा हरी विष्णू कामथ यांचा १९५५ चा निकाल नागपूरच्या तेव्हाच्या उच्च न्यायालयातूनच वर गेला होता, तेव्हा आपल्या पोरांना तरी तो ठाऊक हवा.

आणि शेवटचा टप्पा. अपात्रतेचा आदेश झाला, अपील फेटाळलं गेलं, कुठेही स्थगिती नाही, तरी गडी खुर्चीत बसून दाखल्यांवर सह्या करून राहिला. वस्तुस्थितीचा वाद उरलेला नाही, पद कायद्याने निर्माण झालेलं आहे, बसण्याचा अधिकार संपलेला आहे. आत्ता क्वो वॉरंटो. ती गावातला कोणीही मागू शकतो, स्वतःचा हक्क बुडाला हे दाखवावं लागत नाही. इथेही नागपूरचाच निकाल आहे: कारकरे विरुद्ध शेवडे, १९५२. निवृत्त न्यायमूर्ती शेवडे यांना साठी उलटल्यावर मध्य प्रदेशचे महाधिवक्ता नेमलं, त्याला आव्हान दिलं गेलं. अर्जदाराचा वैयक्तिक हक्क लागत नाही, असं न्यायालयाने मान्य केलं, पण नेमणूक कायदेशीर ठरवून याचिका फेटाळली. पोरं पहिला भाग लिहितात, दुसरा विसरतात. दोन्ही लिहा.

पडलेल्या उमेदवाराने ‘मतमोजणी चुकली, मला सरपंच करा’ म्हटलं, तर तीही क्वो वॉरंटो नाही. ती रिट खुर्ची रिकामी करते, तुम्हाला तिच्यात बसवत नाही. त्याला निकालापासून १५ दिवसांत कलम १५ खाली निवडणूक याचिका करावी लागेल.

बाकीच्या, थोडक्यात

‘माणूस लायक नाही’ आणि ‘माणूस पात्र नाही’ या वेगळ्या गोष्टी. क्वो वॉरंटो दुसरीलाच लागू.

खाजगी संस्थेच्या अध्यक्षाविरुद्ध क्वो वॉरंटो नको. ते पद कायद्याने निर्माण केलेलं नाही.

मूलभूत हक्काचा भंग नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा अनुच्छेद ३२ लिहू नका, उच्च न्यायालयाचा २२६ लिहा. वर सांगितलेल्या सरपंचाच्या सगळ्या टप्प्यांना २२६ च लागतो.

खऱ्या याचिकेत आम्ही वकील ‘मँडेमस किंवा योग्य वाटेल ती अन्य रिट’ असं लिहितो, ते बघून काही हुशार पोरं उत्तरातही तेच लिहितात. आम्हाला ते चालतं, कारण न्यायालय नावावरून याचिका फेकत नाही. तुम्हाला निवडण्याचेच गुण आहेत.

तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशाच्या आदेशाविरुद्ध सर्शिओरारी लिहू नका. राधेश्याम विरुद्ध छबीनाथ, २०१५ नंतर तिथे अनुच्छेद २२७ चा, म्हणजे उच्च न्यायालयाच्या देखरेखीचा रस्ता आहे. तहसीलदाराच्या आदेशाविरुद्ध मात्र ती चालते. त्यामुळे प्रश्नात ‘कोर्टाने आदेश दिला’ असं असेल तर ते कोर्ट कोणाचं, दिवाणीचं की महसुलाचं, हे आधी बघा.