‘कागद नुसता नावाला’ म्हणून खरेदीखत करून दिलंत? दाव्यात या चुका टाळा

समजा, चोपडा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने केळीची रोपं आणि ठिबकसाठी ४ लाख रुपये उचलले. देणाऱ्याने तारण म्हणून दोन एकरांचं नोंदणीकृत खरेदीखत करून घेतलं आणि वर दिलासा दिला, “कागद नुसता नावले शे, आबा. पैसे फेडले की शेत तुमचंच.” तीन वर्षांनी आबा पैसे घेऊन गेले, तर समोरच्याने खरेदीखत पुढे केलं.

दाव्यात पहिली चूक इथेच होते. आबा लिहून देतात, ‘मी शेत विकलं, पण परत देण्याची तोंडी अट होती.’ हे वाक्य दावा बुडवतं. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ९२, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ९५, लेखी कराराच्या अटी बदलणारा किंवा त्यांत भर घालणारा तोंडी पुरावा सहसा येऊ देत नाही. शिवाय मुदत खरेदीला गहाण म्हणून वागवायचं, तर परतीची अट त्याच दस्तात हवी, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५८ सांगतं. वेगळ्या शंभराच्या स्टॅम्पवर लिहिलेली परतीची हमी तो दस्त गहाण ठरवत नाही.

मग बाजू मांडायची कशी? घडलं तेच असेल तर ‘विक्री झालीच नाही, व्यवहार कर्जाचा होता, दस्त अमलात आणायचा नव्हता’ अशी. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली गंगाबाई विरुद्ध छबूबाई प्रकरणात हा फरक स्पष्ट केला: दस्ताची अट बदलायला तोंडी पुरावा चालत नाही, पण दस्त निव्वळ दिखाऊ होता हे दाखवायला चालतो. फसवणूक, धाकदपटशा किंवा मोबदलाच न मिळणं हेही सिद्ध करता येतं.

अर्थात पुरावा दाखल होतो म्हणजे तो पटतोच असं नाही. नुसत्या दोन साक्षीदारांवर मी कधीच विसंबणार नाही. दस्तानंतरही ताबा आबांकडेच होता का, पीकपाहणी कोणाच्या नावाने लागली, १४ लाखांच्या जमिनीची किंमत ४ लाखच का लिहिली, दरमहा व्याज बँकेतून गेलं का, हे कागद बोलतात. व्याज रोखीने देत राहणं ही म्हणूनच दुसरी मोठी चूक.

तिसरी चूक म्हणजे नंतरच्या तोंडी बदलावर भरवसा. साध्या लेखी करारात नंतर झालेला तोंडी बदल सिद्ध करता येतो, नोंदणीकृत दस्तात नाही. तिथे बदलही नोंदवूनच घ्यावा लागतो.

देणारा विनापरवाना सावकारी करत असेल, तर दिवाणी दाव्याआधी जिल्हा उपनिबंधकांकडे महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ खाली अर्ज करा. जमीन सावकारीतूनच गेली असं चौकशीत दिसलं, तर ती परत देण्याचा आदेश त्यांना कलम १८ खाली काढता येतो.