पुरवठादाराने रिटर्न भरलं नाही आणि नोटीस तुम्हाला आली : उत्तर देताना या चुका टाळा

माल आला, वापरला, बिलाचे पैसे जीएसटीसकट बँकेतून दिले. दोन-अडीच वर्षांनी नोटीस येते की तुमच्या पुरवठादाराने कर भरलेला नाही, म्हणून तुम्ही घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट व्याज आणि दंडासह परत करा. एकच कर दोनदा भरायला लागतोय याचा संताप येणं अगदी बरोबर आहे. पण त्या संतापात जी उत्तरं लिहिली जातात, त्यांतून वाचू शकणारे पैसेही जातात.

समजा, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचं एक वर्कशॉप आहे. २०२३-२४ या वर्षासाठी कलम ७३ खाली डीआरसी-०१ नोटीस आली. परिशिष्टात तीन पुरवठादार आणि एकूण क्रेडिट ५,४०,००० रुपये. त्यावर व्याज, आणि १० टक्के दंड म्हणजे ५४,००० रुपये. या उदाहरणावरूनच पुढे जाऊ.

सगळ्या पुरवठादारांना एकाच मापाने मोजू नका

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. नोटिशीत ५,४०,००० हा एक आकडा असतो, म्हणून उत्तरही एकच लिहिलं जातं : "आम्ही प्रामाणिक खरेदीदार आहोत, मागणी रद्द करावी." प्रत्यक्षात "रिटर्न भरलं नाही" या तीन शब्दांत वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीची बिलं कळवणं आणि जीएसटीआर-३बी म्हणजे प्रत्यक्ष कर भरणं. पुरवठादाराने यांतलं काय भरलं, काय नाही आणि कधी, यावर तुमची बाजू ठरते.

हे तपासायला पोर्टलवर लॉगिनसुद्धा लागत नाही. Search Taxpayer मध्ये पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक टाका आणि Show Filing Table उघडून ते आर्थिक वर्ष निवडा. प्रत्येक महिन्याची दोन्ही रिटर्न कोणत्या तारखेला भरली ते दिसतं. त्याच पानावर नोंदणी चालू आहे की रद्द, आणि रद्द असेल तर कोणत्या तारखेपासून, हेही कळतं. नोटीस काढताना अधिकाऱ्याकडे असलेली माहिती जुनी असू शकते, त्यामुळे हे पान आजच्या तारखेने छापून ठेवा.

आपल्या वर्कशॉपच्या बाबतीत चित्र असं निघालं. पत्र्याच्या व्यापाऱ्याने (क्रेडिट २,७०,०००) जीएसटीआर-१ वेळेत भरलं होतं, ३बी मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये. गॅल्व्हनायझिंग करून देणाऱ्याने (१,८०,०००) ऑगस्ट २०२३ चं जीएसटीआर-१ भरलं, पण ३बी आजतागायत नाही. नट-बोल्ट देणाऱ्या तिसऱ्याने (९०,०००) दोन्हीपैकी काहीच भरलं नव्हतं.

"२बी मध्ये दिसत होतं" एवढ्यावर विसंबू नका

गॅल्व्हनायझिंगवाल्याचं बिल वर्कशॉपच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टल दर महिन्याला खरेदीदारासाठी आपोआप तयार करतं त्या क्रेडिटच्या विवरणात, होतं, म्हणून क्रेडिट घेतलं. त्या वेळी ते बरोबरच होतं. पण २बी मध्ये बिल येतं ते जीएसटीआर-१ मुळे, कर भरल्यामुळे नव्हे. कलम १६(२)(क) ची अट वेगळी आहे : पुरवठादाराचा कर सरकारजमा झालेला हवा.

याच स्थितीसाठी डिसेंबर २०२२ मध्ये नियम ३७ए आला. पुरवठादाराने त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत ३बी भरलं नाही, तर तुम्ही ३० नोव्हेंबरपर्यंत ते क्रेडिट उलटवायचं, म्हणजे घेतलेलं क्रेडिट आपल्या ३बी मधून परत करायचं. या मुदतीत उलटवलं तर व्याज नाही. पुढे पुरवठादाराने ३बी भरलं की ते क्रेडिट पुन्हा घेता येतं. म्हणजे २०२३-२४ साठी ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत १,८०,००० रुपये बिनव्याजी उलटवता आले असते. ती तारीख गेली, आणि आता १८ टक्के दराने वर्षाला ३२,४०० रुपये व्याजाचा प्रश्न उभा राहिला.

पत्र्याच्या व्यापाऱ्याचं मात्र निराळं. त्याने उशिरा का होईना, कर भरला आहे. तिथे २,७०,००० ची कराची मागणी टिकायला नको. वर्कशॉपने ३० नोव्हेंबर २०२४ ला क्रेडिट उलटवलं असतं तरी फेब्रुवारी २०२५ नंतर ते परत घेता आलं असतं. वाद उरतो तो फार तर व्याजाचा. उत्तरात हे स्वतंत्र परिच्छेदात, ३बी भरल्याच्या तारखेसह लिहा आणि फाइलिंग टेबलची प्रत जोडा. सरसकट लिहिलेल्या उत्तरात अर्ध्या रकमेचा हा सरळ मुद्दा हरवतो, याचं फार वाईट वाटतं.

तिसऱ्या पुरवठादारासाठी लढण्यात अर्थ कमी. १ जानेवारी २०२२ पासून बिल पुरवठादाराने कळवून २बी मध्ये आलं नसेल तर क्रेडिट घेताच येत नाही, आणि वर्कशॉपच्या अकाउंटंटने ते फक्त खरेदीच्या वहीवरून घेतलं होतं. शिवाय २०२३-२४ चं क्रेडिट घेण्याची मुदतही ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली. हे ९०,००० भरून टाकावेत आणि वसुली पुरवठादाराकडून करावी.

घाईने सगळं भरू नका, आणि भराल ते चुकीच्या रकान्यात नको

नोटीस पाहून काही जण घाबरून पूर्ण रक्कम डीआरसी-०३ या स्वतःहून पैसे भरण्याच्या फॉर्मने भरतात. भरायचं ते मान्य असलेल्या भागापुरतं. कलम ७३ च्या नोटिशीनंतर ३० दिवसांत कर आणि व्याज भरलं तर दंड लागत नाही, म्हणून तिसऱ्या पुरवठादाराची रक्कम या मुदतीत भरून उत्तरात तेवढ्या भागाचा दंड वगळण्याची मागणी करा. २०२४-२५ पासूनच्या वर्षांना कलम ७४ए लागतं, तिथे ही मुदत ६० दिवसांची आहे.

व्याज मोजण्याआधी आपलं क्रेडिट लेजर काढा. कलम ५०(३) प्रमाणे चुकीच्या क्रेडिटवर व्याज लागतं ते ते क्रेडिट घेतलं आणि वापरलं तर. लेजरमधली शिल्लक त्या रकमेच्या खाली कधी गेलीच नसेल, तर क्रेडिट वापरलं गेलं नाही. नोटिशीत बहुधा क्रेडिट घेतल्याच्या दिवसापासून सरळ व्याज लावलेलं असतं. महिनावार शिल्लक जोडून हा मुद्दा मांडाच, विशेषतः ज्यांच्याकडे कायम मोठी शिल्लक पडून असते अशा निर्यातदारांनी.

गॅल्व्हनायझिंगचं क्रेडिट ३बी मधून उलटवणार असाल तर ते तक्ता ४(बी)(२) मध्ये दाखवा, ४(बी)(१) मध्ये नाही. पहिला रकाना कायमच्या उलटवणीचा आहे, दुसरा पुढे परत घेता येणाऱ्या क्रेडिटचा. पोर्टलवरच्या परत घ्यायच्या क्रेडिटच्या विवरणात ४(बी)(२) ची रक्कम जाते. उद्या पुरवठादाराने ३बी भरलं आणि तुमची नोंद ४(बी)(१) मध्ये असेल, तर आपल्याच पैशांसाठी झगडावं लागेल.

पुरवठादाराच्या मागे लागण्यालाही मर्यादा आहे. मूळ मुदतीपासून तीन वर्षं उलटलेलं रिटर्न पोर्टल आता स्वीकारत नाही. मासिक रिटर्न भरणाऱ्याचं ऑगस्ट २०२३ चं ३बी २० सप्टेंबर २०२३ पर्यंत भरायचं होतं, म्हणजे २० सप्टेंबर २०२६ नंतर त्याने मनात आणलं तरी ते भरता येणार नाही.

जुन्या वर्षांचं प्रमाणपत्र नव्या वर्षाला लावू नका

२०१७-१८ आणि २०१८-१९ साठी डिसेंबर २०२२ मध्ये परिपत्रक १८३ निघालं. जीएसटीआर-२ए, म्हणजे पुरवठादारांनी कळवलेल्या बिलांची यादी, आणि तुमचं ३बी यांतला फरक एका पुरवठादाराच्या बाबतीत वर्षाला पाच लाखांपर्यंत असेल तर त्याचं स्वतःचं प्रमाणपत्र, त्याहून जास्त असेल तर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचं, अशी ती सोय. पुढे परिपत्रक १९३ ने ती काही बदलांसह डिसेंबर २०२१ पर्यंतच्या काळाला लागू झाली. २०२३-२४ च्या नोटिशीला हे प्रमाणपत्र जोडून उपयोग नाही. जुन्या वर्षांतसुद्धा ही सोय आहे ती पुरवठादाराने ३बी मधून कर भरला पण बिल कळवायचं राहिलं किंवा चुकीचं कळवलं यासाठी. ज्याने ३बी भरलंच नाही, त्याच्यासाठी ती नाही.

निकालांचा गठ्ठा म्हणजे उत्तर नव्हे

कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सनक्राफ्ट एनर्जीच्या प्रकरणात म्हटलं की अपवादात्मक परिस्थिती सोडता आधी पुरवठादारावर कारवाई करा, मग खरेदीदाराकडे या. सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली. मद्रास उच्च न्यायालयाचा डी. वाय. बीथेल हा २०२१ चा निकालही खरेदीदाराच्या बाजूचा. हे निकाल जरूर द्या, आणि पुरवठादाराकडून वसुलीसाठी काय केलं हे लेखी विचारा. पण महाराष्ट्रात दुसरी बाजूही माहीत हवी. व्हॅटच्या काळात, २०१२ मध्ये, महालक्ष्मी कॉटन जिनिंगच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने तिजोरीत जमा झालेल्या करापुरतंच सेट-ऑफ, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, देणारी तरतूद वैध ठरवली होती. शिवाय सनक्राफ्टचा वाद २बी ची अट येण्याआधीच्या काळातला आहे.

निकालांपेक्षा कागद जास्त बोलतात. कलम १५५ प्रमाणे क्रेडिट सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर आहे. इकॉम गिल कॉफीच्या प्रकरणात, कर्नाटकच्या व्हॅट कायद्याखाली, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की नुसतं बिल आणि चेकने पैसे दिल्याचा पुरावा पुरेसा नाही, माल खरोखर हलला हे दाखवायला हवं. म्हणून बिलामागे ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची बिल्टी, गाडी क्रमांक, वजनकाट्याची पावती, गेटवरची आवक नोंद आणि बँकेचा उतारा एकत्र लावा. पुरवठादाराची नोंदणी मागच्या तारखेपासून रद्द झाली असेल तर हे कागद जिवापाड जपा. तिथे कलम ७४ चा, म्हणजे फसवणुकीचा, आरोप येऊ शकतो आणि दंड कराइतका होतो.

नोटीस दिसली नाही, सुनावणी मागितली नाही

अनेक नोटिसा Services > User Services > View Additional Notices/Orders या कोपऱ्यात पडून राहतात आणि व्यापाऱ्याला थेट वसुलीच्या वेळी कळतं. दर आठवड्याला ते पान उघडा. डीआरसी-०६ मध्ये उत्तर देताना वैयक्तिक सुनावणीच्या प्रश्नाला "हो" म्हणा. आदेश विरोधात गेलाच तर कलम १०७ खालचं अपील तीन महिन्यांत करायचं असतं. वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. उशीर एका महिन्यापर्यंतच माफ होऊ शकतो, तोही कारण पटलं तर.

पुढच्या वर्षांसाठी एक खूण लक्षात ठेवा. मागच्या महिन्याचं ३बी थकलं की पुरवठादाराला पुढचं जीएसटीआर-१ भरता येत नाही. त्यामुळे नेहमी माल देणाऱ्याची बिलं एखाद्या महिन्यात २बी मधून अचानक गायब झाली, तर आधीच्या महिन्याचा करही थकला असण्याची दाट शक्यता आहे. त्याच दिवशी फाइलिंग टेबल बघा, आणि पुढच्या पेमेंटमधली जीएसटीची रक्कम ३बी भरेपर्यंत रोखून धरा. फक्त बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पूर्ण पैसे दिले नाहीत तर क्रेडिट उलटवावं लागतं, ती तारीख वहीत लिहून ठेवा.