पाळणाघर बघायला दुपारी एक वाजता जा

पर्वरीत लेकीसाठी पाळणाघर बघत होतो तेव्हा सकाळी दहाला सगळंच चकाचक दिसलं, मग दुसऱ्या दिवशी न सांगता दुपारी एकला गेलो. जेवण, डायपर, झोप सगळं तेव्हाच एकदम येतं, म्हणजे खरा कारभार तेव्हाच कळतो.

एक मावशी डायपर बदलून हात न धुता तशाच दुसऱ्याला भरवायला बसल्या. सिंक शेजारीच होतं, पण साबण नव्हता! गेटची कडी आतून एखादं पोरही काढेल इतकी खाली, आणि मला 'कोण तुम्ही' असं कोणी विचारलंच नाही. केंद्र सरकारच्या गाइडलाइनप्रमाणे तीन वर्षांखालच्या 10 मुलांमागे एक बाई हवी, इथे चौदा पोरांना एकटी, मग त्या बाईंना तरी काय बोलणार.

मग विचारलं, "शेवटचं कोण पडलं होतं, घरी कधी कळवलंत?" "आमच्याकडे कोण पडत नाही हो." पोरं आहेत म्हणजे पडणारच, त्यामुळे हे उत्तर ऐकून मी तिथूनच निघालो.

रिव्ह्यू लिहिताना नुसतं 'मस्त आहे' नको, किती वाजता गेलात आणि काय दिसलं तेवढं लिहा.