जुना पेपर सोडवल्यावर गेलेले मार्क कुठल्या खात्यात टाकायचे

जुना पेपर टाइम लावून सोडवला, आन्सर की लावली, मार्क मोजले, की बहुतेक जण चुकलेल्या प्रश्नांची सोल्युशन्स वाचत बसतात आणि प्रत्येक दुसऱ्या प्रश्नाला म्हणतात अरे हे तर येत होतं. इथेच सगळा घोळ होतो. सोल्युशन समोर असलं की कुठलाही प्रश्न येत होता असंच वाटतं. मग चाळीसेक मार्क गेलेले असले तरी त्यातले तीस सिली मिस्टेक आणि टाइम कमी पडला या दोन नावांवर खपवले जातात, आणि अभ्यासात बदल काहीच होत नाही.

म्हणून पहिला नियम, आणि हा एकच नियम मी कडक म्हणेन: आधी फक्त बरोबर, चूक आणि सोडलेला एवढ्या खुणा करायच्या, सोल्युशन उघडायचं नाही. जमलं तर खुणा दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, म्हणजे बरोबर पर्याय कुठला हेही डोळ्याखालून जाणार नाही. मग दुसऱ्या दिवशी चुकलेले आणि सोडलेले सगळे प्रश्न कोऱ्या कागदावर, घड्याळ न लावता परत सोडवायचे. आता घाई नाही, तरीही आलं नाही किंवा परत चुकलं, तर ते न येणारं. ते ज्ञानाच्या खात्यात, विषय संपला. परत करताना बरोबर आलं तर मात्र प्रश्न उरतो की पहिल्यांदा का गेलं, निष्काळजीपणाने की वेळेमुळे.

त्यासाठी पेपर सोडवतानाच दोन गोष्टी करून ठेवाव्या लागतात, नंतर आठवून काही उपयोग नसतो. एक, रफ वर्क प्रश्न नंबर टाकून करायचं आणि त्या नंबरशेजारी घड्याळातलं मिनिट लिहायचं, म्हणजे प्रश्न ४१ ला ५३ व्या मिनिटाला हात घातला तर नुसतं ४१ / ५३. दुसरी, दर अर्ध्या तासाला जिथे असाल तिथे प्रश्नपत्रिकेवर आडवी रेघ. यात काही सेकंद जातात हे खरं, पण नंतरची सगळी वाटणी त्यावरच चालते. (आणि जिथे अंदाजाने गोल भरला तिथे एक टिंब. अंदाजाने बरोबर आलेला प्रश्न मार्कात मिळालेला दिसतो पण तोही न येणाराच आहे, त्यामुळे टिंबवाले बरोबर प्रश्नसुद्धा कोऱ्या कागदावर एकदा करून बघावेत.)

आता एक खरा पेपर घेऊ. माझ्या ओळखीतली एक ज्युनिअर आहे, तिने १०० प्रश्न, १०० मार्क, १२० मिनिटं आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क वजा असा पेपर सोडवला होता. ८४ प्रश्न केले, ६१ बरोबर, २३ चूक, १६ सोडलेले. मार्क ५५.२५. गेलेले मार्क ४४.७५. हिशोब करताना लक्षात ठेवा की चुकलेला प्रश्न १.२५ ला पडतो, एक मिळायचा तो गेला आणि पाव कापला गेला, आणि सोडलेला प्रश्न १ ला पडतो. २३ गुणिले १.२५ म्हणजे २८.७५, अधिक १६, बरोबर ४४.७५. हा आकडा जुळला पाहिजे, नाहीतर मध्येच कुठेतरी प्रश्न गळलेला असतो.

ती आली तेव्हा म्हणाली, "ताई, माझा प्रॉब्लेम फक्त स्पीडचा आहे, बाकी मला सगळं येतं." म्हटलं बघू.

दुसऱ्या दिवशी तिने ते ३९ प्रश्न परत केले. चुकलेल्या २३ पैकी ९ परत चुकले, सोडलेल्या १६ पैकी ५ आलेच नाहीत. म्हणजे ज्ञानाच्या खात्यात ११.२५ अधिक ५, एकूण १६.२५. उरलेल्या चुकलेल्या १४ पैकी ६ शेवटच्या वीस मिनिटांतले होते, तिथलं रफ वर्क म्हणजे अर्धवट दोन ओळी आणि गोल भरलेला, ते वेळेच्या खात्यात. सोडलेले ११ जे नंतर आरामात आले तेही वेळेच्याच खात्यात. ७.५ अधिक ११, १८.५. राहिले ८, जे पेपरच्या सुरुवातीला किंवा मध्ये, घाई नसताना चुकले होते, ते निष्काळजीपणाचे, १० मार्क. बेरीज ४४.७५.

वरवर बघता तिचं म्हणणं खरं निघालं, सगळ्यात मोठं खातं वेळेचंच. बरेच जण इथे थांबतात आणि मग स्पीड वाढवायचा म्हणून रोज एक पेपर सोडवत सुटतात. पण ही कच्ची वाटणी आहे. पक्की करायला दोन खाती परत तपासावी लागतात.

आधी निष्काळजीपणाचं खातं. माझी कसोटी साधी आहे, रफ वर्कवर बोट ठेवून दाखव की नेमकं कुठल्या ओळीत घसरलं. बोट ठेवता आलं तर ती स्लिप. नाही आलं तर ती स्लिप नाही, कच्चं ज्ञान आहे. तिच्या ८ पैकी ६ ठिकाणी बोट लगेच पडलं. चार ठिकाणी 'अयोग्य विधान ओळखा' असं होतं आणि तिने योग्य विधान निवडलं होतं, एका ठिकाणी वरच्या ओळीतला ६ खाली उतरवताना ० झाला होता, आणि एका ठिकाणी उत्तर बरोबर काढून गोल शेजारच्या नंबरचा भरला होता. या खऱ्या स्लिप.

उरलेले दोन बघा. त्यातला एक असा होता की गाडी जाताना ताशी ६० किलोमीटरने गेली, त्याच रस्त्याने येताना ४० ने आली, तर सरासरी वेग किती. तिने पेपरात ५० लिहिलं, दुसऱ्या दिवशी ४८. मी विचारलं पहिल्यांदा कुठे चुकलं ते दाखव, तर रफ वर्कच नव्हतं, ६० आणि ४० ची मधली संख्या डोक्यात आली आणि गोल भरला. दुसऱ्या दिवशी वेळ होता म्हणून शंका आली, मग तिने अंतर १२० धरलं, जायला २ तास, यायला ३ तास, २४० भागिले ५, असं करून ४८ काढलं. याला ती सिली मिस्टेक म्हणत होती. पण कमी वेगात जास्त वेळ जातो म्हणून सरासरी खाली येते हे जर पक्कं असतं तर ५० डोक्यात आलंच नसतं, आलं तरी हाताने गोल भरला नसता. दुसऱ्या प्रश्नाचंही असंच. म्हणून ते २.५ मार्क उचलून ज्ञानाच्या खात्यात.

आता वेळेचं खातं, आणि खरी गंमत इथे आहे. वेळ कमी पडल्याचे मार्क शेवटच्या प्रश्नांवर दिसतात पण वेळ तिथे गेलेला नसतो. तो आधी कुठेतरी गेलेला असतो. तिच्या रेघा बघितल्या तर ३० मिनिटांना ती २६ व्या प्रश्नावर होती, एकदम व्यवस्थित, ६० मिनिटांना ४३ वर, ९० मिनिटांना ५९ वर. म्हणजे मधल्या तासात गाडी अडकली. रफ वर्कवरची मिनिटं वाचली तर पाच प्रश्नांनी मिळून २७ मिनिटं खाल्ली होती. या पेपरात एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात, पाच प्रश्नांना ६ मिनिटं. २१ मिनिटं जास्तीची गेली, आणि २१ मिनिटांत साधारण १७ प्रश्न होतात. शेवटी सुटलेले ११ आणि घाईत घालवलेले ६ मिळून किती होतात ते तुम्हीच बघा. नेहमी इतकं चपखल जुळत नाही, पण जवळपास तरी जुळायला हवं, फारच फरक आला तर अजून कुठेतरी वेळ गेलाय जो कागदावर नाही.

त्या पाचपैकी दोन प्रश्न तर बरोबर आले होते. म्हणजे गेलेल्या मार्कांच्या यादीत ते नाहीतच, आणि तरी सगळ्यात महाग तेच पडले. म्हणून म्हणते की फक्त चुकलेले प्रश्न बघून भागत नाही, बरोबर आलेल्यांची मिनिटंही वाचा.

पाचपैकी तीन काळ-काम आणि नळ-टाकीचे होते, १४ मिनिटं. नमुना सांगते, अ एक काम १२ दिवसांत करतो, ब १८ दिवसांत, दोघं ४ दिवस करतात, मग अ निघून जातो, उरलेलं काम ब किती दिवसांत संपवेल. ती अपूर्णांकांनी करत होती, १२ व्या भागात १८ वा भाग मिळवा, छेद सारखे करा, चारने गुणा, एकातून वजा करा, अर्धं पान. काम ३६ धरलं की अ रोज ३ करतो, ब रोज २, चार दिवसांत २० झालं, उरलं १६, ब ला ८ दिवस. उत्तर दोन्हीकडे तेच येतं, पण पहिल्या वाटेने पाच मिनिटं आणि दुसऱ्या वाटेने एक. कोऱ्या कागदावर बिनघड्याळाचं केलं की हा दोष दिसत नाही, कारण उत्तर तर बरोबर येतं! म्हणून या तीन प्रश्नांमुळे गेलेला वेळ मी ज्ञानाच्या खात्यात टाकते, तो जास्तीच्या वेळाचा अंदाजे निम्मा हिस्सा होता, म्हणजे १८.५ पैकी ९.२५.

उरलेले दोन, एक नऊ मिनिटांचं बैठक व्यवस्थेचं कोडं आणि एक चार मिनिटांचा लांबलचक भागाकार. तिथे पद्धत ठीक होती, फक्त सोडून पुढे जायचं सुचलं नाही, आता इतकं केलंय तर पूर्णच करू असं झालं. हा खरा वेळेचा दोष, ९.२५.

पक्की वाटणी अशी झाली: ज्ञान २८, निष्काळजीपणा ७.५, वेळ ९.२५. स्पीडचा प्रॉब्लेम असलेल्या मुलीचे साठ टक्क्यांहून जास्त मार्क न येण्यामुळे किंवा अर्धवट येण्यामुळे गेले होते. पुढचे दोन आठवडे तिने नवा पेपर सोडवला नाही, काळ-काम, वेग आणि कोऱ्या कागदावर परत चुकलेले टॉपिक एवढंच केलं. वेळेसाठी एकच गोष्ट, कुठल्याही प्रश्नाला अडीच मिनिटं झाली की खूण करून पुढे. शेजारी मिनिट लिहिलेलं असतं त्यामुळे हे पाळता येतं. आणि स्लिपसाठी, अयोग्य किंवा नाही असा शब्द दिसला की पर्याय वाचायच्या आधी त्याला गोल करायचा. नुसतं 'लक्ष देऊन वाचायचं' असं वहीत लिहून कुणाचं काही सुधारलेलं मी पाहिलं नाही.

एक अडचण सगळ्यांना येते, कोऱ्या कागदावर परत करताना पद्धत बरोबर पण बेरीज चुकली तर? तेव्हाही बोटाचीच कसोटी लावा, ओळ सापडली तर स्लिप धरा. मात्र तोच प्रकार पुढच्या पेपरातही दिसला, म्हणजे दर वेळी ऋण चिन्हच सुटतंय किंवा दर वेळी एकक बदलायचं राहतंय, तर त्याला स्लिप म्हणणं बंद करा आणि तेवढाच भाग काढून त्यावर वीस-पंचवीस प्रश्न करा. एका पेपरवरून हे कळत नाही, तीन-चार पेपरांची यादी शेजारी ठेवली की कळतं. आणि सविस्तर उत्तरांच्या पेपरला ही वाटणी अशीच्या अशी चालत नाही, तिथे अर्ध्या उत्तराला अर्धे मार्क मिळतात आणि चूक कुठल्या ओळीत हे आपलं आपल्याला दिसत नाही, तिथे तपासणारं दुसरं माणूस लागतंच.