नोकरकपातीचं पत्र : फाउंडरने काय लिहावं, कुठल्या क्रमाने लिहावं

कपातीचं पत्र पहिल्यांदा लिहायला बसलेले बहुतेक फाउंडर सुरुवात बाजाराच्या परिस्थितीपासून करतात. मग कंपनीचा प्रवास, सगळ्यांची मेहनत, आणि चौथ्या परिच्छेदात कुठेतरी ‘काही कठोर निर्णय घेण्यात आले आहेत’. वाचणाऱ्याला मात्र पहिल्या ओळीपासून एकच गोष्ट शोधायची असते: माझी नोकरी आहे की गेली? ती सापडेपर्यंत मधलं काहीही त्याच्या डोक्यात शिरत नाही.

म्हणून पत्राची एकच कसोटी धरा. नोकरी गेलेल्या माणसाला हे पत्र वाचून संध्याकाळी घरी तीन प्रश्नांची उत्तरं देता आली पाहिजेत. शेवटचा दिवस कोणता, हातात किती पैसे येणार आणि कधी, मेडिक्लेम कधीपर्यंत चालू. यातलं एकही उत्तर नसेल तर भाषा कितीही हळवी असो, पत्र अपुरं आहे.

एक नमुना धरून चालू. पुण्यातली 62 जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. बँकेत 3 कोटी 60 लाख आहेत, महिन्याचा खर्च 78 लाख आणि वसुली 38 लाख. म्हणजे दरमहा 40 लाखांची तूट आणि नऊ महिन्यांचा रनवे. दोनपैकी एक प्रॉडक्ट बंद करून 14 जणांना कमी करायचं ठरलं. त्यांचे पगार आणि त्या प्रॉडक्टचे सर्व्हर वगैरे धरून महिन्याला 20 लाख वाचतात. पण जाणाऱ्यांना सरासरी चार लाख द्यायचे तर 56 लाख आजच बाजूला काढावे लागतात. उरलेले 3 कोटी 4 लाख नव्या तुटीवर साधारण 15 महिने पुरतात. हा हिशोब पत्राच्या आधी झाला पाहिजे आणि ते 56 लाख वेगळ्या खात्यात गेले पाहिजेत. ‘सेटलमेंट लवकरच’ असं लिहावं लागतं, तेव्हा बहुधा पैसे बाजूला काढलेले नसतात.

आता पत्र. पहिला परिच्छेद असा असावा:

‘सहकाऱ्यांनो, आज मी कंपनीतल्या 62 पैकी 14 जणांना कामावरून कमी करत आहे. या 14 जणांशी आज सकाळी प्रत्यक्ष बोलणं झालं आहे. तुमच्याशी असं बोलणं झालं नसेल, तर तुमची नोकरी या कपातीत गेलेली नाही.’

तीन वाक्यांत आकडा आला, निर्णय कोणाचा ते आलं आणि उरलेल्या 48 जणांचा श्वास मोकळा झाला. 3 नोव्हेंबर 2022 रोजी स्ट्राइप कंपनीने सुमारे 14 टक्के लोक कमी केले, तेव्हाच्या पत्रातही हीच दक्षता आहे. टक्केवारी अगदी सुरुवातीला आली आणि लगेच सांगितलं की ज्यांची नोकरी जाते आहे त्यांना पुढच्या 15 मिनिटांत ईमेल येईल. छोट्या कंपनीत ईमेलची वाट पाहायला लावू नये, आधी बोलावं. पण ‘मी यात आहे का?’ हे कळण्याची वेळ नेमकी सांगणं कुठेही शक्य असतं.

वरच्या परिच्छेदात ‘मी’ आहे, याकडे लक्ष द्या. ‘निर्णय घेण्यात आला’ हे सरकारी परिपत्रकाचं वळण इथे चालत नाही, कारण त्यात निर्णय घेणारं कोणी दिसतच नाही. आणि ‘आपण 14 जणांना कमी करत आहोत’ हे त्याहून वाईट, कारण त्या ‘आपण’मध्ये ज्याची नोकरी जाते आहे तोही येतो.

दुसऱ्या परिच्छेदात कारण. इथे जागतिक मंदी आणू नका, स्वतःचे आकडे आणा. ‘मागच्या वर्षी मी दुसऱ्या प्रॉडक्टसाठी 16 जणांची भरती केली. वर्षात 40 ग्राहक मिळतील असा माझा अंदाज होता, 9 मिळाले. आज महिन्याला 40 लाखांची तूट आहे आणि असंच चाललं तर नऊ महिन्यांनी पगार थांबतील.’ स्ट्राइपच्या संस्थापकांनीही बाजाराबरोबर स्वतःचं चुकलेलं लिहिलं: वाढीबद्दल अतिआशावादी राहिलो, खर्च फार वेगाने वाढवला. अशी कबुली दोन वाक्यांत संपवावी. आपल्याला किती झोप लागली नाही हे लिहायला लागलात, की घर कसं चालवायचं या विचारात असलेल्या माणसाकडून सहानुभूती मागितल्यासारखं होतं.

नावं कशी निवडली तेही इथेच सांगा, आणि खरं सांगा. प्रॉडक्ट बंद होतंय म्हणून त्या टीमचे 11 जण आणि विक्रीतले तिघे जात असतील, तर तसंच लिहा. ‘यात कोणाच्याही कामगिरीचा संबंध नाही’ हे वाक्य फक्त तेव्हाच लिहा, जेव्हा ते 14 पैकी 14 जणांना लागू असेल. एकाच्या बाबतीतही खोटं असेल, तर टीममधल्या लोकांना ते आधीच माहीत असतं आणि मग पत्रातल्या पैशाच्या आकड्यावरही विश्वास उरत नाही. यादी पक्की करण्यापूर्वी वकिलाकडून एकदा तपासून घ्या. विशेषतः प्रसूती रजेवर असलेल्या महिलेचं नाव त्यात नाही ना, ते पाहा. त्या रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे.

तिसरा भाग पैशांचा, आणि सगळ्यात जास्त जागा याला द्या. सर्वांना जाणाऱ्या पत्रात सूत्र लिहा, प्रत्येकाच्या हातातल्या पत्रात त्याचा स्वतःचा आकडा. नमुन्यातल्या एकीचा पगार दरमहा 80,000 आहे आणि नोकरी तीन वर्षं चार महिने. तिच्या पत्रात असं यावं: ‘दोन महिन्यांच्या नोटीसचा पगार 1,60,000. पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला एक महिना, म्हणजे 2,40,000. शिल्लक 11 दिवसांच्या रजेचे 29,333. एकूण 4,29,333, टीडीएस कापण्यापूर्वी. चालू महिन्याचा पगार याशिवाय.’ आणि पुढे जमा होण्याची तारीख. ज्यांना पाच वर्षं झाली आहेत, त्यांची ग्रॅच्युइटी वेगळ्या ओळीत दाखवा. ती कायद्याने त्यांचीच असते, कंपनीच्या पॅकेजमध्ये मिसळून पॅकेज मोठं दाखवू नये.

कायद्याची किमान रेषा माहीत असू द्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्या आणि वर्षभर सलग सेवा झालेल्या व्यक्तीला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. वेतन संहितेप्रमाणे कपातीनंतर थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. ‘फुल अँड फायनल 45 दिवसांत’ ही जुनी सवय पत्रात आपोआप उतरते, तिथे थांबून पाहा. कोण ‘कामगार’ ठरतं हे पदाच्या नावावर नव्हे तर प्रत्यक्ष कामावर ठरतं, त्यामुळे ‘आमच्याकडे सगळे एक्झिक्युटिव्ह’ असं धरून चालू नका.

इथेच एक गोष्ट ठामपणे सांगतो: राजीनामा मागू नका. ‘रेकॉर्ड चांगलं राहील’ असं सांगून राजीनामा लिहून घेणं आपल्याकडे सर्रास चालतं. राजीनामा दिला की कपातीची भरपाई मागण्याचा आधार कमकुवत होतो आणि पुढच्या मुलाखतीत माणसाला ‘का सोडली?’ याचं खोटं उत्तर द्यावं लागतं. अनुभवपत्रात ‘कंपनीने प्रॉडक्ट बंद केल्यामुळे पद रद्द झाले’ असं एक वाक्य असलं की नव्या कंपनीत तो प्रश्न मिटतो.

मेडिक्लेमबद्दल बहुतेक पत्रं गप्प असतात. ग्रुप पॉलिसीत अनेकांचे आईवडील असतात आणि सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवशी तिचं संरक्षण संपतं. कोणाच्या वडिलांचं डायलिसिस चालू असेल, तर त्या घरासाठी पगारापेक्षा ही तारीख मोठी. सोपा उपाय म्हणजे नोटीसचे दोन महिने पैशांत न देता त्या व्यक्तीला कामावर न बोलावता पगारपत्रकावर ठेवणं. रक्कम जवळपास तेवढीच जाते, पॉलिसी चालू राहते आणि नवी नोकरी शोधताना ती व्यक्ती अजून नोकरीत असते. तेही जमत नसेल तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी कोणाला फोन करायचा आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहा. 5 मे 2020 रोजी एअरबीएनबीचे ब्रायन चेस्की यांनी 7,500 पैकी सुमारे 1,900 जण कमी करताना लिहिलेल्या पत्रात अमेरिकेतल्या लोकांसाठी 12 महिन्यांचा आरोग्यविमा, 14 आठवड्यांचा मूळ पगार आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षाला आणखी एक आठवडा, असं उघड लिहिलं होतं. तेवढं देणं छोट्या कंपनीला जमणार नाही, पण तितक्या स्पष्टपणे लिहायला पैसे लागत नाहीत.

उरलेल्यांसाठी शेवटचा परिच्छेद. ‘आता आणखी कपात होणार नाही’ असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. त्याऐवजी: ‘या कपातीनंतर 15 महिने पुरतील एवढे पैसे आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेला मी वसुली आणि शिल्लक सगळ्यांना दाखवीन. वसुली सलग तीन महिने 35 लाखांच्या खाली राहिली, तर पुढचा विचार करावा लागेल आणि तो मी तेव्हाच तुम्हाला सांगेन.’ लोकांना धोक्याची रेषा कुठे आहे ते कळलं की कुजबुज कमी होते.

दिवसाची आखणी चुकली तर चांगलं पत्रही वाया जातं. 14 जणांशी फाउंडरने एकट्याने 15-15 मिनिटं बोलायचं ठरवलं तर साडेतीन तास जातात. तिसरा माणूस केबिनमधून बाहेर आला की व्हॉट्सॲपवर सगळं पसरतं, आणि शेवटच्या माणसाला तुमच्याआधी दुसऱ्याकडून कळतं. दोघादोघांच्या तीन जोड्या करा, तीन खोल्यांत पाच, पाच आणि चार जणांशी बोला. सव्वा तासात होतं. पहिल्याच वाक्यात निर्णय सांगा, पत्र हातात द्या, मग प्रश्न ऐका. दहाला सुरू करून साडेअकराला सर्वांना पत्र पाठवा. वार मंगळवार किंवा बुधवार ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं की दोन दिवस एचआर बंद, आणि प्रश्न विचारायला कोणी नाही.

सर्व्हर आणि कोडचा ॲक्सेस बोलणं चालू असतानाच बंद केला तर चालतं. ईमेल मात्र संध्याकाळपर्यंत चालू ठेवा. पेस्लिपचं पोर्टल बंद होण्यापूर्वी सगळ्या पेस्लिप आणि आधीचे फॉर्म 16 प्रत्येकाच्या खासगी ईमेलवर एचआरने स्वतः पाठवावेत. चालू वर्षाचं टीडीएस प्रमाणपत्र पुढच्या जूनमध्ये मिळेल, त्यासाठी कोणाला लिहायचं ते नावासकट द्या. ऑफिसमधल्या हाउसकीपिंग किंवा डिस्पॅचच्या माणसाचं नाव यादीत असेल, तर त्याचं पत्र मराठीतच द्या आणि आकडे त्याच्यासमोर वाचून दाखवा.

पत्राच्या तळाशी फाउंडरचा स्वतःचा मोबाईल नंबर असावा, एचआरचा सामायिक ईमेल नव्हे. पुढचे दोन आठवडे रोज अर्धा तास त्या फोनसाठी मोकळा ठेवा. येणारे बहुतेक फोन रेफरन्ससाठी, रिलीव्हिंग लेटरमधल्या चुकीच्या तारखेसाठी आणि न आलेल्या पैशांसाठी असतात.