अँटिबायोटिकच्या कोर्समध्ये साखर का घसरते? मधुमेहींनी या चुका टाळा

इन्फेक्शनमध्ये साखर वाढते, हे बहुतेक मधुमेहींना पाठ असतं. त्यामुळे अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना ती कमी होईल अशी शंकाही कुणाला येत नाही. घाम आला, हात थरथरले, बोलणं असंबद्ध झालं की घरचे म्हणतात, तापाचा अशक्तपणा आहे, जरा झोपू द्या. सगळ्यात घातक चूक हीच.

एक उदाहरण घेऊ. सत्तरीच्या एक बाई रोज सकाळी ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम घेतात, सोबत मेटफॉर्मिन. क्रिएटिनिन 1.6, म्हणजे किडनी बरीच मंदावलेली. लघवीच्या इन्फेक्शनसाठी त्यांना को-ट्रायमॉक्साझोल सुरू होतं. तोंडाला चव नाही म्हणून जेवण निम्म्यावर येतं, पण मधुमेहाची गोळी 'चुकवायची नाही' म्हणून पूर्ण घेतली जाते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साखर 52.

इथे एकाच वेळी अनेक गोष्टी घडल्या. को-ट्रायमॉक्साझोलमधला सल्फा घटक रचनेने ग्लिमेपिराइडच्या कुळातल्या औषधांसारखाच असल्याने तोही स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावू शकतो. शिवाय यकृतात ग्लिमेपिराइड मोडणारं एन्झाइम तो अडवतो, म्हणून 2 मिलिग्रॅमची गोळी जास्त डोस घेतल्यासारखी वागते. मंद किडनीमुळे औषधं शरीरात साचतात आणि पोटात अन्नही कमी. लेव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन घेतानाही साखर अशीच घसरू शकते. लेव्होफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं काहींची साखर उलट वाढवतात, त्यामुळे अंदाजावर न जाता ग्लुकोमीटरवर बघणंच बरं.

म्हणून अँटिबायोटिक लिहून घेताना नुसतं 'मला शुगर आहे' म्हणणं पुरत नाही. गोळ्यांची नावं सांगा, किंवा सरळ पाकिटंच दाखवा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: दुसरं अँटिबायोटिक चालेल का, आणि तेवढे दिवस मधुमेहाचा डोस कमी करायचा का? फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका बराच कमी असतो. कोर्सच्या दिवसांत उपाशीपोटी, जेवणाआधी आणि झोपताना साखर तपासा. मात्र घाबरून अँटिबायोटिक मध्येच सोडू नका.

साखर 70 च्या खाली गेली आणि माणूस नीट गिळू शकत असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमीच असेल तर तेवढंच परत द्या. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, त्यांना ग्लुकोजच द्यावं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच रुग्णालय गाठा.

पुढची चूक फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. साखर 110 वर आली की सगळे निर्धास्त होतात. पण ग्लिमेपिराइडचा असर लांबतो आणि काही तासांनी साखर पुन्हा घसरू शकते. त्यामुळे ग्लुकोजनंतर जेवण द्या, त्या रात्री एकटं ठेवू नका, आणि पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. वयस्कर आणि किडनीचा त्रास असलेल्यांना अशा वेळी निरीक्षणाखाली ठेवणंच शहाणपणाचं. रक्तदाब किंवा हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवत नाही. घाम मात्र येतो, तेवढी खूण लक्षात ठेवा.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचं उलट आहे. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोर्थॅलिडोनमुळे साखर हळूहळू, काही आठवड्यांत वर सरकते. आपण मात्र पथ्यात खोट काढत बसतो. लघवीवाटे पोटॅशियम जातं, आणि ते कमी झालं की स्वादुपिंड इन्सुलिन पुरेसं सोडत नाही. ही गोळी बऱ्याचदा रक्तदाबाच्या जोडगोळीत दडलेली असते, म्हणून पाकिटावरचे घटक वाचा. सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत पोटॅशियम तपासून घ्या. 3.5 च्या खाली असेल तर आधी ते सुधारायला हवं. कमी डोसमध्ये साखरेवरचा परिणाम सहसा थोडाच असतो, त्यासाठी रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करणं जास्त महागात पडेल.

प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड सकाळी घेतलं तर उपाशीपोटीची साखर बरी दिसते, आणि दुपारनंतर ती 300 पार जाऊ शकते. त्यामुळे तपासणी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी करा. स्टेरॉइडसाठी इन्सुलिन वाढवलं असेल तर स्टेरॉइड उतरवताना तेही कधी आणि किती कमी करायचं, हे त्याच भेटीत लिहून घ्या.