कॉलेजच्या खर्चाचा हिशेब मांडायला बसण्याआधीची तयारी

वही उघडण्याआधी एक गोष्ट हाताशी हवी, ती म्हणजे आजची खरी फी. उदाहरणादाखल देवगडचं एक घर घेऊ. मुलगी पाचवीत आहे, म्हणजे बारावी होऊन कॉलेजला जायला आठ वर्षं आहेत. पुण्यातल्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची फी आज वर्षाला दीड लाख धरू, आणि हॉस्टेल, मेस, येणं-जाणं मिळून एक लाख वीस हजार. हे दोन आकडे वेगवेगळ्या ओळींवर लिहा, त्यांची बेरीज आत्ताच करू नका. फी एका चालीने वाढते, मेसचं जेवण आणि खोलीचं भाडं दुसऱ्या. एकत्र केले की कुठला दर लावायचा तेच कळेनासं होतं.

आता फीचा दर काढा. बातम्यांमधला महागाईचा आकडा इथे चालत नाही. तो ज्यावरून काढतात त्या ग्राहक किंमत निर्देशांकात, २०१२ च्या पायावर, शिक्षणाचं वजन शंभरात साडेचारच्या आसपास होतं आणि खाण्यापिण्याचं जवळपास सेहेचाळीस, त्यामुळे त्या आकड्यात कांदा-टोमॅटोच जास्त बोलतात. त्यापेक्षा त्याच कॉलेजची, त्याच शाखेची पाच वर्षांपूर्वीची फी शोधा. महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तिथले वर्षवार मंजूर आकडे पाहता येतात. समजा तेव्हा ती ९३,००० होती, तर एक्सेलमध्ये एवढं टाका:

```
=(150000/93000)^(1/5)-1
```

उत्तर सुमारे १० टक्के येतं. हॉस्टेल-मेससाठी घरखर्चाचाच दर घ्या, ६ टक्के धरू.

पुढची पायरी बरेच जण गाळतात. कोर्स चार वर्षांचा असेल तर चार फिया चार वेगळ्या वर्षी भरायच्या असतात, आजपासून आठव्या, नवव्या, दहाव्या आणि अकराव्या वर्षी. प्रत्येकीला तिच्या वर्षांइतकी वाढ द्या. पहिल्या वर्षाची फी अशी निघते:

```
=150000*(1+10%)^8
```

हे ३ लाख २१ हजारांच्या पुढे जातं. शेवटच्या वर्षी ८ च्या जागी ११ घातले की ४ लाख २८ हजार होतात. चारही मिळून फी सुमारे १४ लाख ९२ हजार, आणि ६ टक्क्यांनी राहण्या-जेवणाचे ८ लाख ३७ हजार. एकूण २३ लाख २९ हजार. आजच्या भावात हाच खर्च १० लाख ८० हजार आहे. सगळ्यालाच ६ टक्के लावले असते तर १८ लाख ८३ हजार आले असते, म्हणजे ऐन कॉलेजात साडेचार लाखांची तूट. उलट सगळ्याला १० टक्के लावले तर आकडा २७ लाखांच्या जवळ जातो, आणि मग घर उगाच हातचं राखून जगतं किंवा घाबरून बेतच सोडून देतं.

फी पुढेही १० टक्क्यांनीच वाढेल याची खात्री नाही, म्हणून ८ आणि १२ टक्क्यांनीही मांडून ठेवा. नुसत्या फीचाच आकडा साडेबारा ते पावणेअठरा लाखांत हलतो. दर जूनला नवी फी कळली की दर पुन्हा काढा.

घरखर्चाचा ६ टक्के हा दर तुमच्या घराला लागू पडतो का, तेही तपासा. किराण्याची वही असेल तर तेवढ्याच मापाचा तांदूळ, तेल, मासे, गॅस यांचे भाव मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हाचा बांगड्याचा भाव मार्चशी लावला तर महागाई भलतीच दिसेल. गणपती कधी ऑगस्टात, कधी सप्टेंबरात येतात, म्हणून तो महिना सणाच्याच महिन्याशी जुळवा. पाहुणे वाढले म्हणून खर्च वाढला असेल तर ती महागाई नव्हे.

आई-वडिलांच्या दवाखान्यासाठी तिसरं पान ठेवा, आणि त्यातही गोळ्या आणि हॉस्पिटल वेगळे लिहा. सरकारच्या अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकानुसार बदलते, यादीबाहेरच्यांची छापील किंमत वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. हॉस्पिटलच्या बिलाला असा सरसकट लगाम नाही, तिथे १२ टक्के धरून पाहा. आज पाच लाखांचं ऑपरेशन दहा वर्षांनी साडेपंधरा लाखांचं होतं. आरोग्य विम्याचा हप्ता मात्र या सूत्रात बसवू नका, कारण तो महागाईशिवाय वयाच्या टप्प्यानेही उडी मारतो. त्यासाठी कंपनीचा वयवार तक्ता मागून घ्या आणि वडील साठीचे, पासष्टीचे, सत्तरीचे होतील त्या वयांना आज लागणारा हप्ता त्यातून उचलून त्यावर महागाई लावा.